स्टार का फुटतो? मोटर आणि गिअरबॉक्समधलं कपलिंग निवडताना

आजचा विषय छोटा आहे. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक कपलिंग असतं, तेवढंच. किमतीच्या हिशेबात मोटरच्या आणि गिअरबॉक्सच्या तुलनेत ते किरकोळ. म्हणून ते निवडतानाही किरकोळपणे निवडलं जातं: शाफ्टचा व्यास बघायचा, हॉर्सपॉवर बघायची, स्टोअरला कळवायचं. मी स्वतः कित्येक वर्षं असंच केलं. मग एका गळीत हंगामात एका कपलिंगने मला जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्याचं नाव सांगत नाही, गरजही नाही. बगॅस कॅरिअर होता. मिलमधून निघालेला भुसा बॉयलरकडे नेणारा, साखळी आणि स्लॅटचा कन्व्हेयर. मोटर २२ किलोवॅट, चार पोल, १४७० आरपीएम, डायरेक्ट ऑन लाइन सुरू होणारी. पुढे एकास चाळीसचा गिअरबॉक्स, आणि त्याच्यापुढे साखळीचं स्प्रॉकेट. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जॉ कपलिंग, ज्याला आपण स्टार कपलिंग म्हणतो. दोन बाजूंना लोखंडी दात असलेले हब आणि मध्ये पॉलियुरेथेनचा स्टार, म्हणजे स्पायडर.

हंगाम सुरू होऊन महिना झाला आणि स्टार फुटला. बदलला. तीन आठवड्यांनी परत फुटला. परत बदलला. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा स्टोअरने एक उपाय सुचवला, आणि मीही मान हलवली. त्याच मापात कडक स्टार मिळतो. आधीचा ९२ शोअरचा होता, हा ९८ शोअरचा. (रंगावरून ओळखू नका, रंग कंपनीनुसार बदलतात.) कॅटलॉगमध्ये बघितलं तर मऊ स्टारची क्षमता २६५ न्यूटन-मीटर, कडकची ४५०. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट ताकद, हब तेच, खर्च थोडासा. बसवला. तो काही फुटला नाही. पण दोन महिन्यांनी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं.

आता सांगा, कडक स्टारने काम केलं की नाही? स्टारच्या दृष्टीने केलं. त्याने फक्त आपलं दुखणं शेजाऱ्याच्या गळ्यात टाकलं. आणि शेजारी महाग होता.

हंगाम संपल्यावर कागद-पेन घेऊन बसलो. कपलिंगला विचारायचे तीन प्रश्न असतात आणि ते वेगवेगळे आहेत. रोज किती टॉर्क ओढायचा? झटका आला तर तो किती, आणि कुठून येतो? आणि दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर ते कोण सोसणार? आपली गफलत अशी होते की तिन्हींचं उत्तर आपण एकाच पद्धतीने देतो: मोठं कपलिंग घ्या, किंवा कडक घ्या. ते का चालत नाही ते बघू.

पहिला प्रश्न सोपा आहे. किलोवॅटला ९५५० ने गुणायचं आणि आरपीएमने भागायचं. बावीस गुणिले ९५५०, भागिले १४७०. आलं साधारण १४३ न्यूटन-मीटर. मोटरच्या प्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात, त्यामुळे कार्यक्षमता वगैरे काही मध्ये आणायची नाही.

हे झालं नुसतं गणित. याला सर्व्हिस फॅक्टर लावायचा. साखळीचा कन्व्हेयर, चोवीस तास चालणारा, भार कमीजास्त होणारा, तर दीड धरणं योग्य. १४३ गुणिले दीड म्हणजे २१५. आपल्या स्टारची क्षमता २६५. पास! ज्याने कोणी हे कपलिंग मुळात निवडलं होतं त्याने इथपर्यंतचं गणित बरोबर केलं होतं. तो माणूस आळशी नव्हता.

पण त्याने थर्मामीटर घेतला नव्हता. हा कॅरिअर बॉयलरच्या तोंडाशी जातो. ड्राइव्ह प्लॅटफॉर्मवर, कपलिंगच्या गार्डच्या आत मी मोजलं, दुपारी ५५ अंश सेल्सिअस. पॉलियुरेथेन तापलं की मऊ पडतं, त्याची ताकद उतरते. कॅटलॉगमध्ये याचा वेगळा तक्ता असतो, बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर. साधारण ३० अंशांपर्यंत गुणक एक, ४० ला १.२, ६० ला १.४. पंचावन्न अंशांना आपण साठची ओळ घ्यायची. २१५ गुणिले १.४ म्हणजे ३००. आणि स्टार २६५ चा. नापास.

बघा, कपलिंग ऑफिसात बसून निवडलं तर पास होतं, जागेवर उभं राहून निवडलं तर नापास होतं. रबर किंवा पॉलियुरेथेन असलेल्या कुठल्याही कपलिंगला हे लागू आहे. भट्टीजवळ, बॉयलरजवळ, पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात, कुठेही. एक सावधगिरी मात्र ठेवा. सर्व्हिस फॅक्टरचे तक्ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एका कंपनीचा फॅक्टर घेऊन दुसऱ्या कंपनीच्या क्षमतेशी ताडून बघू नका, कारण काहींनी तापमान किंवा दिवसाचे तास फॅक्टरमध्येच धरलेले असतात, काहींनी नसतात.

तर ३०० लागतात. आता इथे दोन रस्ते आहेत. त्याच मापाचा कडक स्टार, ४५०. किंवा एक माप मोठं कपलिंग, मऊ स्टारसह, ३१०. आकडे बघितले तर कडक स्टारच चांगला वाटतो. म्हणूनच स्टोअरचं म्हणणं मला पटलं होतं. आता तिसऱ्या प्रश्नाकडे जाऊ, म्हणजे दोन शाफ्ट एका रेषेत नसल्याचा प्रश्न, आणि मग दुसऱ्याकडे परत येऊ. क्रम उलटा करतोय, पण गोष्टीत तसंच घडलं.

बेअरिंग गेलं तेव्हा अलाइनमेंट तपासली. डायल गेज लावला, हब फिरवला. रिमवर एकूण रीडिंग आलं ०.४४ मिलिमीटर. इथे नवीन मुलं नेहमी अडखळतात. डायल पूर्ण फेरीत जेवढा फरक दाखवतो, त्याच्या निम्मं शाफ्टचं खरं सरकणं असतं. म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यरेषा ०.२२ मिलिमीटरने वरखाली होत्या. मग दोन हबच्या मधली फट मोजली, वर आणि खाली. फरक ०.९ मिलिमीटर, हबचा व्यास ९५. हा झाला तिरकेपणा, हिशेब केला तर अर्ध्या अंशाच्या जरा वर, ०.५४.

कॅटलॉग उघडला. या मापाला १५०० आरपीएमवर समांतर सरकणं ०.३२ पर्यंत चालतं, तिरकेपणा एक अंशापर्यंत. माझे सहकारी म्हणाले, साहेब, दोन्ही मर्यादेच्या आत आहेत. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक वाक्य असतं. या मर्यादा एकेकट्या असताना आहेत. दोन्ही एकत्र असतील तर प्रत्येकाने आपापल्या मर्यादेचा किती भाग खाल्ला ते काढायचं आणि बेरीज करायची. बेरीज एकाच्या आत पाहिजे. ०.२२ भागिले ०.३२ म्हणजे ०.६९. ०.५४ भागिले एक म्हणजे ०.५४. बेरीज १.२३. प्रत्येक विषयात पास, एकूण निकाल नापास.

आणि याहून मोठा गैरसमज पुढेच आहे. समजा बेरीज ०.९ आली असती, तर चाललं असतं का? कपलिंगला चाललं असतं. ती मर्यादा कपलिंगची आहे, बेअरिंगची नाही. कपलिंग सरकणं सोसतं म्हणजे काय करतं? स्टारचे पाय प्रत्येक फेरीत दाबले जातात आणि सुटतात. १४७० फेऱ्या मिनिटाला, म्हणजे चोवीस तासांत एकवीस लाखांवर. दाबल्यावर ते परत ढकलतात. ते ढकलणं जातं कुठे? दोन्ही शाफ्टवर, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर. मऊ स्टार कमी ढकलतो, कडक स्टार तेवढ्याच सरकण्याला बराच जास्त ढकलतो. टॉर्कची क्षमता वाढवणारा तोच कडकपणा बेअरिंगचं आयुष्य कमी करतो. आमच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं ते असं.

म्हणून अलाइनमेंटचं लक्ष्य कॅटलॉगच्या मर्यादेवरून ठरवायचं नाही. १५०० आरपीएमला समांतर सरकणं ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत आणायचं, आणि कॅटलॉगची उरलेली मर्यादा राखीव ठेवायची: गिअरबॉक्स तापून फुगतो त्यासाठी, फाउंडेशन बसतं त्यासाठी, फ्रेम थोडी लवते त्यासाठी. कपलिंग लवचिक आहे म्हणून अलाइनमेंटकडे दुर्लक्ष करणं म्हणजे गाडीला शॉकअप आहेत म्हणून मुद्दाम खड्ड्यातून चालवणं.

बरं, अलाइनमेंट एवढी बिघडली कशी? हंगामाच्या आधी मी स्वतः बघितली होती, ठीक होती. हे शोधायला वेळ लागला, आणि उत्तर ऐकून तुम्ही हसाल. स्टार बदलल्यामुळे बिघडली.

एकसंध स्टार दोन हबच्या मध्ये अडकलेला असतो. तो काढायचा तर मोटर मागे सरकवावी लागते. मोटर सरकली की अलाइनमेंट गेली. रात्री दोन वाजता कॅरिअर बंद आहे, बॉयलरला भुसा कमी पडतोय, शिफ्ट इन्चार्ज डोक्यावर उभा आहे. अशा वेळी डायल गेज कोण लावतो? हबवर स्टीलची पट्टी ठेवायची, डोळ्याने बघायचं, बोल्ट आवळायचे, चालू. मी दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. त्यात एका बदलाच्या वेळी मोटरच्या एका पायाखालची शिम परत घातलीच गेली नाही. तो पाय ०.३५ मिलिमीटर अधांतरी होता. बोल्ट आवळला की मोटरची फ्रेम पिळायची. याला सॉफ्ट फूट म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे: एकेक बोल्ट ढिला करायचा आणि पायाखाली फीलर गेज घालून बघायचा. ०.०५ ची पाती सहज जात असेल तर तिथे शिम हवी.

म्हणजे पहिला स्टार फुटला उष्णतेने आणि भाराने. दुसरा आणि तिसरा फुटण्यात पहिल्याच्या दुरुस्तीचाही हात होता. हे चक्र आहे. आणि म्हणून निवडीच्या वेळी एक प्रश्न विचारायचा, जो कुठल्याही फॉर्म्युल्यात नसतो: याचा झिजणारा भाग मोटर न हलवता बदलता येतो का? पिन-बुश कपलिंगमध्ये येतो, पिना बाहेर काढायच्या, बुश बदलायचे. टायर कपलिंगमध्ये येतो, टायर कापलेलाच असतो, बाजूने गुंडाळून बसवायचा. जॉ कपलिंगमध्येही मधला तुकडा वेगळा काढता येईल असे तीन भागांचे प्रकार मिळतात. थोडे महाग पडतात. आमच्या केसमध्ये तेच घ्यायला हवं होतं आणि पुढच्या हंगामात तेच घेतलं.

आता टायरचं नाव निघालं तर एक सांगतो. तुम्ही म्हणाल, मग सरळ टायर कपलिंगच का नाही? ते तर जॉ कपलिंगपेक्षा कितीतरी जास्त सरकणं आणि तिरकेपणा सोसतं, झटकाही छान खातं. खरं आहे. पण टायर फाटला की ड्राइव्ह तुटतो, मोटर नुसती फिरत राहते. स्टार फुटला तर लोखंडी दात एकमेकांवर आदळतात, ठणठण आवाज होतो, पण कॅरिअर काही काळ तरी चालत राहतो. बॉयलरला इंधन देणाऱ्या कॅरिअरला आवाज करत चालणं परवडतं, थांबणं नाही. आणि वजन उचलणाऱ्या यंत्राला, लिफ्टला किंवा होइस्टला, फाटून सुटणारं कपलिंग तर लावायचंच नाही. उलट काही ठिकाणी सुटलेलं बरं असतं. तर हा निर्णय जागा बघून घ्यायचा.

आता राहिलेला दुसरा प्रश्न. झटका. हा माझा आवडता आहे, कारण यात सगळ्यांचा अंदाज उलटा निघतो. माझाही निघाला होता.

सगळे म्हणतात झटका स्टार्टिंगला बसतो. मोटर डायरेक्ट ऑन लाइन आहे, सुरू होताना सव्वादोन-अडीच पट टॉर्क देते. १४३ चे झाले साधारण ३३०. म्हणजे स्टारवर ३३० येत असणार. बरोबर? चूक.

मोटरने ३३० निर्माण केला, पण त्यातला बराचसा मोटर स्वतःवरच खर्च करते. रोटर जड असतो, त्याला शून्यापासून १४७० पर्यंत न्यायचं असतं. या मापाच्या मोटरच्या रोटरचं जडत्व साधारण ०.१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरू. आणि पलीकडे? साखळी, स्लॅट, भुसा, केवढं वजन! पण मध्ये एकास चाळीसचा गिअरबॉक्स आहे. पलीकडचं जडत्व मोटरला चाळीसच्या वर्गाने, म्हणजे सोळाशेने भागून जाणवतं. सोळाशे टनांचा हत्ती एक टनाचा होतो म्हणा. त्यामुळे गिअरबॉक्सची चाकं आणि अर्धं कपलिंग धरूनही पलीकडचं जडत्व ०.०३ च्या पुढे जात नाही. म्हणजे वेग वाढवायला लागणाऱ्या टॉर्कचा फक्त सहावा भाग कपलिंगमधून जातो.

हिशेब करू. कॅरिअर भरलेला असताना सुरू केला, घर्षणाला १०० न्यूटन-मीटर लागतात. ३३० मधले १०० गेले, उरले २३०. त्याचा सहावा भाग सुमारे ३८. कपलिंगला दिसले १३८. टॉर्क एकदम लागतो म्हणून त्या ३८ ला पावणेदोन-दोनने गुणा, तरी १७५ च्या आसपास. मऊ स्टारला क्षणिक झटक्यासाठी त्याच्या नेहमीच्या क्षमतेच्या दुप्पट चालतं. म्हणजे स्टार्टिंगने तो फुटणं शक्यच नव्हतं.

मग फोडलं कोणी? कॅरिअर अडकला तेव्हा.

स्लॅट वाकतो, कडेच्या अँगलला अडकतो, साखळी जागच्या जागी थांबते. आता चित्र उलटं बघा. सुरू होताना जे जड रोटर आपल्या बाजूने होतं, ते आता १४७० च्या वेगाने फिरतंय आणि त्याला थांबायचं आहे. थांबवणार कोण? मधलं कपलिंग. हे रोटर जर एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबलं, तर ०.१५ गुणिले १५४ (वेग रेडियनमध्ये), भागिले ०.१. येतात २३१ न्यूटन-मीटर, नुसते रोटरचे. वर मोटर अजून चालूच आहे, ती भार वाढला म्हणून आपला सर्वोच्च टॉर्क लावते, अडीच-पावणेतीन पट, म्हणजे ४०० च्या आसपास. मिळून ६३० झाले. तेच जर वीस भागांतल्या एका भागात, म्हणजे ०.०५ सेकंदात थांबलं, तर ८६०. हे गणित ठोकळ आहे, साखळी किती ताणली जाते यावर बदलतं, पण आकड्याची उंची लक्षात येते.

आता आपले स्टार या आकड्यासमोर उभे करा. जुना मऊ स्टार: झटक्याची मर्यादा ५३०, तापमानाने १.४ ने भागली की ३८०. तो फुटणारच होता. एक माप मोठा मऊ: ६२०, भागून ४४० च्या आसपास. तोही फुटेल! कडक स्टार: ९००, भागून ६४०. हा एखादा जॅम झेलतो, मोठ्या जॅममध्ये नाही, आणि जेव्हा झेलतो तेव्हा तो ६३० चा झटका पुढे गिअरबॉक्सच्या दातांवर पाठवतो.

थोडक्यात, जॅमसाठी कपलिंगचं माप निवडताच येत नाही. जेवढं मोठं घ्याल, तेवढा मोठा झटका पुढच्या भागाला. मोटरचा ओव्हरलोड रिले? तो सेकंदांत विचार करतो, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात संपलेलं असतं. जॅमसाठी मुद्दाम तुटणारी किंवा घसरणारी गोष्ट वेगळी लावावी लागते. फ्लुइड कपलिंग, टॉर्क लिमिटर, किंवा सगळ्यात साधं म्हणजे स्प्रॉकेटवर शिअर पिन.

आम्ही शिअर पिन लावली. स्प्रॉकेटवरचा नेहमीचा टॉर्क साधारण ५४०० न्यूटन-मीटर येतो, पिन त्याच्या दुप्पटीला तुटेल अशी काढली. पिन तुटायच्या क्षणी कपलिंगला ३०० च्या आसपास दिसतात. मोठ्या मऊ स्टारची मर्यादा, उष्णता धरून, ४४०. आता पिन आधी तुटते आणि स्टार वाचतो. हा क्रम ठरवून घेतला की कपलिंग निवडणं सोपं होतं: रोजच्या टॉर्कला आणि उष्णतेला पुरेल एवढं माप, त्यात मिळेल तेवढा मऊ स्टार, आणि झटक्याची मर्यादा पिनच्या वर.

पुढचा हंगाम तो स्टार पूर्ण टिकला. पिना चार तुटल्या. प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं थांबलो, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी वाकलेला स्लॅट सापडला. पाचव्यांदा तुटू नये म्हणून एका फिटरने तिथे हाय टेन्साइल बोल्ट घातला होता. तो मी हंगाम संपल्यावर बघितला. नशीब आमचं.

आता फुटलेला स्टार हातात आला की काय वाचायचं ते सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. फेकून देऊ नका, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. पायांच्या एकाच बाजूवर दातांचा खोल ठसा आणि पाय मुळाशी चिरलेला, तर तो भार किंवा झटका. सगळे पाय दोन्ही बाजूंनी गोल झिजलेले आणि गार्डखाली बारीक भुकटी, तर तो अलाइनमेंटचा. भुकटी हा फार लवकर मिळणारा इशारा आहे, गार्डखाली आठवड्यातून एकदा टॉर्च मारा. आणि पृष्ठभाग चकचकीत, वितळल्यासारखा किंवा तडे गेलेला ठिसूळ, तर ती उष्णता. आमच्या पहिल्या स्टारवर चिरा आणि चकाकी होती. तिसऱ्यावर भुकटीही होती. मी तेव्हा दोन्ही भंगारात टाकले.

विचारा.

(एक श्रोता: सर, आमच्याकडे आता व्हीएफडी आहे. त्यात टॉर्क लिमिट सेट करता येतं. मग शिअर पिनची गरज उरते का?)

चांगला प्रश्न. आपले ६३० दोन भागांचे होते, आठवा. ४०० मोटरचे, २३१ रोटरच्या वेगाचे. व्हीएफडी पहिला भाग कापते. लिमिट दीड पट ठेवलं तर ४०० च्या जागी २१५ होतात. पण दुसऱ्या भागाला ती काही करू शकत नाही, कारण रोटर आधीच फिरतंय, त्याच्यात ऊर्जा भरलेली आहे, वीज तोडली तरी ती आहेच. २१५ आणि २३१ मिळून ४४६. आमच्या ४४० च्या काठावर. हळू थांबणाऱ्या जॅममध्ये पिनशिवाय चालेल, कडक जॅममध्ये नाही. स्टार्टिंग मात्र मऊ होतं, पण स्टार्टिंगचा त्रास कपलिंगला मुळात नव्हताच.

(दुसरे श्रोते: हब बसवताना ठोकून बसवला तर बेअरिंगला धोका असतो का?)

असतो. ठोकण्याचा मार मोटरच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, रेसवर खुणा पडतात. हब तेलात किंवा इंडक्शन हीटरवर गरम करून सरकवा, स्टार अर्थात आधी काढून ठेवा. आणि दोन हबमधलं अंतर कॅटलॉगप्रमाणे ठेवा. पुष्कळदा स्टार दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून बसवतात, "हलायला नको" म्हणून. मग मोटरचा शाफ्ट तापून लांबला की तो सरळ गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ढकलतो. स्टार बाजूने थोडा सैल हलला पाहिजे. हाताने हलवून बघा, हलला तर बरोबर बसलाय.